शोभेचे शब्द गाळले, काम उरले
परदेशातील एम.एस्सी.च्या अर्जासोबतचे ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ कसे घासूनपुसून घ्यावे?

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत पहिली पाळी सुटली, की रस्त्यावर सायकली, मोटारसायकली आणि डबे घेतलेल्या माणसांची एकच गर्दी होते. या गर्दीतून वाट काढत एक मुलगी संध्याकाळी वस्तीतील अभ्यासिकेत आली. तिच्या हातात दोन टंकलिखित पाने होती. इंजिनिअरिंगची पदवी झालेली, इंग्लंडमधील एका विद्यापीठात पर्यावरण अभियांत्रिकीच्या एम.एस्सी.साठी अर्ज करायचा होता. अर्जासोबत ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ म्हणजे आपण हे शिक्षण का घेऊ इच्छितो हे सांगणारे उद्देशपत्र जोडावे लागते. मुले त्याला ‘एसओपी’ म्हणतात. ती पाने तिने वस्तीतील एका ताईंपुढे ठेवली. या ताई स्वतः शिष्यवृत्तीवर परदेशात शिकून आलेल्या आहेत.

“ताई, फक्त इंग्रजी तपासून द्या. बाकी सगळं झालंय,” मुलगी म्हणाली.

ताईंनी पाने वाचली आणि म्हणाल्या, “इंग्रजी बरोबर आहे गं. पण यात तू कुठे आहेस?”

पुढच्या पाच संध्याकाळी त्या दोघींनी जे केले, ते आपल्या घरातील प्रत्येक मुलामुलीला आणि त्यांच्या पालकांनाही उपयोगी पडेल असे आहे. म्हणून ते क्रमाने सांगत आहोत. मुलीचे नाव तिच्या इच्छेनुसार दिलेले नाही.

हे पत्र एवढे महत्त्वाचे का?

महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, हे बहुतेक घरांत आता माहीत झाले आहे. पण शिष्यवृत्तीच्या दारापाशी पोचण्याआधी विद्यापीठाचे प्रवेशपत्र हातात असावे लागते. ते देताना विद्यापीठ गुणपत्रिका पाहते, शिक्षकांची शिफारसपत्रे पाहते आणि हे उद्देशपत्र वाचते. गुण मिळून गेलेले असतात आणि शिफारसपत्र दुसऱ्याने लिहिलेले असते. उमेदवाराच्या स्वतःच्या हातात उरते ते एवढेच एक कागदपत्र. शिष्यवृत्तीच्या अटी आणि विद्यापीठाने घातलेली शब्दमर्यादा दरवर्षी बदलू शकते, म्हणून त्या त्या वर्षीची जाहिरात आणि अर्जाची सूचना स्वतः वाचावी. या मुलीला एक हजार शब्दांची मर्यादा होती. तिचा मसुदा नऊशे चाळीस शब्दांचा होता.

वाचणारा कोण असतो, हेही ध्यानात घेतले पाहिजे. तो त्या विषयाचा प्राध्यापक असतो. त्याच्या टेबलावर असे शेकडो अर्ज असतात आणि तीच ती वाक्ये त्याने वर्षानुवर्षे वाचलेली असतात. इंग्लंडमध्ये पदवीप्रवेशाचे अर्ज ‘यूकास’ या मध्यवर्ती संस्थेमार्फत जातात. या संस्थेने 2007 साली सुमारे पन्नास हजार निवेदने संगणकावर ताडून पाहिली. तेव्हा 234 उमेदवारांनी एकच आठवण लिहिलेली सापडली : आठव्या वर्षी रसायनांशी खेळताना आपला पायजमा जळून त्याला भोक पडले आणि तेव्हापासून आपल्याला विज्ञानाची ओढ लागली! एवढ्या मुलांचे पायजमे जळाले नव्हते. सर्वांनी एकाच नमुन्यावरून उतरवून घेतले होते. ही गोष्ट पदवीच्या अर्जांची असली, तरी उतरवून घेतलेले वाक्य पदव्युत्तर अर्जातही तसेच पकडले जाते.

शेजारच्या मुलाची कसोटी

पहिल्या संध्याकाळी ताईंनी मुलीच्या हातात लाल पेन्सिल दिली आणि एकच काम सांगितले. “प्रत्येक वाक्य वाच. हेच वाक्य शेजारचा मुलगा स्वतःच्या नावावर खपवू शकेल का, एवढंच विचार. खपत असेल तर खूण कर.”

मसुद्याचे पहिलेच वाक्य होते, लहानपणापासून मला पर्यावरणाविषयी प्रचंड ओढ आहे. खूण झाली. दुसरे वाक्य असे की, आजच्या धावत्या जगात प्रदूषण ही मोठी समस्या बनली आहे. हे तर अर्जदाराबद्दल काहीच सांगत नाही, आणि वाचणाऱ्या प्राध्यापकाला ते आधीच ठाऊक आहे. मी कष्टाळू, जिद्दी आणि संघभावनेने काम करणारी आहे, यावरही खूण. आपले विद्यापीठ जगद्विख्यात असून तेथील प्राध्यापकवर्ग अनुभवी आहे, यावर खूण. शेवटी, शिक्षण पूर्ण करून मला देशाची व समाजाची सेवा करायची आहे. त्यावरही खूण.

एकूण अडतीस वाक्ये होती. त्यांपैकी चौतीस लाल झाली. मुलीचा चेहरा उतरला. ताई म्हणाल्या, “ही वाक्यं खोटी नाहीत. तू जिद्दी आहेस हे मला ठाऊक आहे. पण त्या सरांना ते तुझ्या सांगण्यावरून कळणार नाही, तुझ्या कामावरून कळेल. आता उरलेली चार वाचून दाखव.”

उरलेल्या चारांत एक वाक्य असे होते की, शेवटच्या वर्षी आम्ही क्रोम प्लेटिंगच्या सांडपाण्यावर प्रकल्प केला आणि चांगले निष्कर्ष मिळाले. ताईंनी त्याच्याभोवती वर्तुळ काढले. “उद्या यावर बोलू.”

‘चांगले निष्कर्ष’ म्हणजे किती?

दुसऱ्या दिवशी ताईंनी लिहायला सांगितले नाही. त्या फक्त प्रश्न विचारीत गेल्या आणि मुलगी सांगेल ते टिपून घेत गेल्या. मोघम वाक्य दुरुस्त करण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे. ‘काय केलेस, किती केलेस, त्यातले तुझे काय, आणि काय फसले’, हे चार प्रश्न विचारले की मोघमपणा आपोआप गळतो.

मुलीने सांगितले ते असे. लोखंडी वा पितळी भागांना चकाकी देण्यासाठी क्रोमचा मुलामा चढवतात. टाकीतून काढलेला भाग पाण्यात विसळला, की त्या पाण्यात सहा संयुजेचे क्रोमियम उतरते. हे पाणी पिवळे दिसते आणि ते विषारी असते. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात असे क्रोमियम लिटरमागे 0.1 मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये, असे आपल्या देशातील मानक आहे. त्यावर उपाय असा की, पाण्यात गंधकाम्ल घालून सामू दोन ते तीनच्या दरम्यान आणायचा, मग सोडियम मेटाबायसल्फाइट घालायचे. पिवळे पाणी हिरवट झाले की विषारी क्रोमियमचे कमी घातक अशा तीन संयुजेच्या क्रोमियममध्ये रूपांतर झाले. त्यानंतर चुना घालून सामू आठ-नऊपर्यंत नेला, की हिरवा साका तळाशी बसतो.

“हे पुस्तकात आहे,” ताई म्हणाल्या. “तू काय केलंस?”

“आम्ही चौघं होतो. एका लहान कारखान्यातून विसळणीचं पाणी आणायचं आणि तपासायचं काम माझं. सहा वेळा आणलं. प्रत्येक वेळी एक लिटरच्या भांड्यात प्रयोग केला.”

“सहाही वेळा जमलं?”

मुलगी थोडी घुटमळली. “नाही. चार वेळा 0.1च्या खाली आलं. दोनदा नाही आलं.”

“का?”

“पाणी हिरवट दिसलं म्हणून आम्ही झालं असं धरलं. पण आम्ल कमी पडलं होतं, सामू चारच्या वर गेला होता. तिथे ही क्रिया फारच मंद चालते. डायफेनिल कार्बाझाइड घालून पाहिलं तर जांभळा रंग आला. म्हणजे विष शिल्लक होतं. आणि ताई, कारखान्यातसुद्धा माणसं रंग बघूनच औषध टाकतात. तेव्हा मला कळलं, की डोळ्यांवर विसंबून हे काम होत नाही.”

ताईंनी पेन खाली ठेवला. “हे तू पत्रात का नाही लिहिलंस?”

“फसलेलं कसं लिहायचं?”

आपली बरीच मुले इथेच चुकतात. फसलेला प्रयोग लपवतात आणि त्याऐवजी ‘चांगले निष्कर्ष’ असे पोकळ शब्द लिहितात. वास्तविक त्या विषयाच्या प्राध्यापकाला पुस्तकातील कृती पाठ असते. विद्यार्थ्याला ती कुठे आणि कशामुळे फसते हे कळले आहे का, हे त्याला पाहायचे असते. तेवढ्यावरून तो ओळखतो, की ही मुलगी पुढे शिकण्याजोगी आहे.

त्या रात्री मुलीने तो भाग नव्याने लिहिला. त्याचा मराठी आशय असा : “चौघांच्या प्रकल्पात पाण्याचे नमुने आणणे आणि त्यांची तपासणी हे काम माझ्याकडे होते. सहा नमुन्यांपैकी चारांत क्रोमियम 0.1 मिलिग्रॅमखाली आले. दोन नमुन्यांत आले नाही. आम्ही रंगावरून क्रिया पूर्ण झाली असे मानले होते, पण सामू चारच्या वर राहिला होता. ज्या कारखान्यातून नमुने आणले, तेथेही औषधाची मात्रा रंग पाहूनच ठरवली जाते. आमचे प्रयोग एक लिटरच्या भांड्यातले होते. मोठ्या टाकीत ही मात्रा कमी खर्चात आणि खात्रीने कशी राखावी, हे मला माहीत नाही. तेच मला शिकायचे आहे.”

इथे दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. ‘आम्ही’ आणि ‘मी’ वेगळे झाले. चौघांचे काम एकटीच्या नावावर घेतले नाही आणि स्वतःचे काम गर्दीत हरवलेही नाही. दुसरे म्हणजे, पुढे शिकायचे कारण वेगळे सांगावे लागले नाही. जे येत नाही त्यातूनच ते निघाले. ‘ओढ’ हा शब्द न वापरता ओढ दिसली.

बाबासाहेबांचे नाव कुठे घ्यावे?

मुलीच्या मसुद्याचा दुसरा परिच्छेद बाबासाहेबांच्या घोषवाक्याने सुरू होत होता. त्यावरही लाल खूण झाली होती, आणि त्याचे तिला वाईट वाटले. ताईंनाही ती खूण सहज करता आली नसावी. पण त्या म्हणाल्या, “आपल्या मुलांच्या प्रत्येक अर्जात हे वाक्य असतं. म्हणजे शेजारच्या कसोटीत ते बसत नाही. बाबासाहेबांचं नाव घ्यायचं, तर त्यांच्या कामाची पद्धत घे.”

ही पद्धत कोणती? बाबासाहेब 1913 साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. समाजाची उन्नती हा त्यांचा ध्यास होता, यात कोणाला शंका आहे? पण त्यांच्या प्रबंधांचे विषय पाहा. 1915 साली एम.ए.साठी त्यांनी प्राचीन भारतातील व्यापार हा विषय घेतला. कोलंबियातील पीएच.डी.चा प्रबंध ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या विकासावरचा, तो 1925 साली ग्रंथरूपाने निघाला. लंडनमधील डी.एस्सी.चा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावरचा, तो 1923 साली प्रसिद्ध झाला. एकाही मथळ्यात ‘देशाची सेवा’ नाही. ध्येय आभाळाएवढे असले, तरी हातात घेतलेला प्रश्न मोजता येईल, तपासता येईल असा होता. उद्देशपत्राला हाच नियम लागू पडतो. ध्येय मनात असू द्यावे, कागदावर प्रश्न लिहावा.

मुलीने घोषवाक्य काढले. बाबासाहेबांचा उल्लेख अखेर पत्रात राहिला नाही आणि त्यामुळे काही कमी झाल्यासारखेही वाटले नाही.

गरिबीविषयी लिहावे की नाही?

चौथ्या संध्याकाळी सर्वांत अवघड वाक्य आले. मसुद्यात लिहिले होते, मी अत्यंत गरीब व मागासलेल्या कुटुंबातून आले असून अनेक संकटांवर मात केली आहे. ताईंनी विचारले, “कोणती संकटं?”

मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिने सांगितले. तिचे वडील बावीस वर्षे अंबडमध्येच एका प्लेटिंगच्या कारखान्यात कामाला आहेत. क्रोमच्या टाकीतून उठणाऱ्या वाफांनी त्यांच्या नाकातील पडद्याला भोक पडले आहे. क्रोम प्लेटिंगच्या कामगारांत हा विकार डॉक्टरांच्या ओळखीचा आहे. वडील घरी त्याबद्दल बोलत नाहीत. प्रकल्पासाठी तिने हाच विषय का घेतला, हे तिने मैत्रिणींनाही सांगितले नव्हते.

“संकटांवर मात” या शब्दांनी तिने हे सगळे झाकले होते. मोघम शब्द पुष्कळदा आळसाने येतात, पण कधी कधी ते लाजेनेही येतात. वाचणाऱ्याला मात्र दोन्हींतला फरक कळत नाही. त्याला फक्त एक झिजलेले वाक्य दिसते.

ताईंनी तिला लिहायचा आग्रह केला नाही. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. घरची परिस्थिती लिहिलीच पाहिजे असे नाही. लिहायची तर ती विषयाशी जोडलेली हवी, कारण प्रवेश दुःखाच्या मापाने मिळत नाही. आणि दुसऱ्याच्या शरीराबद्दल लिहायचे, तर त्याची परवानगी हवी.

त्या रात्री मुलीने वडिलांना विचारले. ते म्हणाले, “लिही. पण मालकाचं नाव नको, अन् रडगाणं नको.”

दुसऱ्या दिवशी पत्रात दोनच वाक्ये आली. “माझे वडील बावीस वर्षे क्रोम प्लेटिंगच्या कारखान्यात काम करतात आणि टाकीवरील वाफांमुळे त्यांच्या नाकातील पडद्याला छिद्र पडले आहे. पाण्याच्या प्रकल्पासाठी मी हाच उद्योग निवडला, याचे एक कारण ते आहे.” ना ‘अत्यंत’, ना ‘अनेक’, ना ‘मात’. आणि ही दोन वाक्ये शेजारचा मुलगा लिहू शकत नाही.

विद्यापीठाचे नाव बदलून पाहा

‘हेच विद्यापीठ का’ हा भाग बहुतेक मुले माहितीपत्रकातील स्तुती उतरवून भरतात. ताईंची कसोटी सोपी होती. विद्यापीठाचे नाव झाकावे आणि तिथे दुसरे घालावे. वाक्य तसेच खरे राहिले, तर ते काढावे. मुलीचे चारही स्तुतीचे वाक्य याच कसोटीत गेले. मग तिने त्या अभ्यासक्रमाची चालू वर्षाची विषयसूची काढली. तीत औद्योगिक सांडपाण्यावरचा एक विषय होता आणि उन्हाळ्यात करायचा प्रबंध होता. तिने एवढेच लिहिले की, या विषयात मात्रा-नियंत्रणाचे जे शिक्षण मिळेल ते मला माझ्या फसलेल्या दोन नमुन्यांकडे परत नेईल, आणि प्रबंधासाठी मला लहान कारखान्यांना परवडेल असे नियंत्रण तपासायचे आहे. विषयसूची जुनी असेल तर घात होतो. बंद झालेल्या विषयाचे किंवा निघून गेलेल्या प्राध्यापकाचे नाव लिहिले, की पत्र न वाचता लिहिले हे उघड होते.

‘पुढे काय करणार’ याचेही तसेच. ‘देशसेवा’ जाऊन तिथे आले : अंबडसारख्या वसाहतीतील लहान प्लेटिंगवाल्यांना सांडपाण्याच्या सल्ल्याचे काम करायचे, पहिली काही वर्षे एखाद्या सल्लागार संस्थेत किंवा प्रदूषण नियंत्रणाच्या खात्यात अनुभव घ्यायचा. हे लहान दिसते, पण विश्वास बसेल असे आहे.

घासताना जपायचे ते

घासणे आणि सोलून काढणे यांत फरक आहे. काही मुले पैसे देऊन दुसऱ्याकडून पत्र लिहून घेतात. त्यातले इंग्रजी गुळगुळीत असते, पण मुलाखतीत ‘सामू चारच्या वर गेला म्हणजे काय झाले?’ असे विचारले की उत्तर येत नाही. आकड्यांचा प्रभाव पडतो हे कळल्यावर काही जण आकडे रचतात. तेही शिफारसपत्राशी जुळत नाहीत. म्हणून मुलीने आपला अंतिम मसुदा प्रकल्पाच्या सरांना दाखवला आणि सहा-चार-दोन हे आकडे प्रयोगवहीशी ताडून घेतले. आणखी एक गोष्ट खरी, की चांगल्या पत्राने कमी गुण भरून निघत नाहीत. गुण, भाषेची परीक्षा आणि मुदत यांची जागा पत्र घेत नाही. सारख्या गुणांच्या दोघांत मात्र ते फरक पाडू शकते.

शेवटचा मसुदा सहाशे दहा शब्दांचा झाला. मर्यादा हजाराची असताना उरलेले शब्द भरायचा मोह मुलीला झाला होता. ताई म्हणाल्या, “मर्यादा म्हणजे लक्ष्य नव्हे.”

अर्ज पाठवायच्या आदल्या रात्री मुलीने सगळे पत्र आईवडिलांना मराठीत सांगितले. आई ऐकत राहिली. वडिलांनी एका जागी थांबवले. “रंग बघून औषध टाकतात असं लिहिलंस ना? ते दिवसपाळीचं. रातपाळीला दिवा पिवळा असतो. पिवळ्या उजेडात पिवळं पाणी काय दिसणार? रातपाळीला अंदाजानंच टाकतात.”

मुलीने पेन घेतला आणि ते वाक्य दुरुस्त केले. सहा नमुने, प्रयोगवही आणि पुस्तके यांत जे सापडले नव्हते, ते घरातच होते. अर्ज दुसऱ्या दिवशी गेला. उत्तर यायचे आहे.